वजनाचा वाद फोनवर मिटवताना

> शिरोलीच्या पार्टीला कास्टिंग दिलं, किलोला ११० रुपये. बिल २४८० किलोंचं, ते २४००च धरतात. मेलवर मेल चाललेत. फोनसाठी काय लिहू?

दादा, अडलंय फक्त ८० किलोंवर, म्हणजे ८,८०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून १०,३८४. जुन्या मेलना उत्तरं देत बसू नका. एवढंच लिहा:

‘साहेब, पीओप्रमाणे वजन काट्याचं धरायचं की ड्रॉइंगचं, एवढंच ठरवायचंय. उद्या अकराला दहा मिनिटं फोन करू का? काटापावती सोबत जोडलीय. अकाउंटवाल्यांनाही घ्या.’

अकाउंटवाले हवेतच. नाहीतर परचेसवाले ‘बघतो’ म्हणतात आणि पेमेंट तिथंच अडकतं. ठरलेलं त्याच दिवशी मेलवर कळवा. रक्कम कमी झाली तर जीएसटीची क्रेडिट नोट तुम्हालाच काढावी लागेल.