डब्ल्यूपीएस बटणाने प्रिंटर जोडला जात नाही

>राउटरचं WPS बटण दाबलं, प्रिंटरचंही दाबलं, लाइट लुकलुकते पण कनेक्ट होत नाही. जुन्या राउटरवर लगेच व्हायचं.

राउटर नवीन आहे ना, मग आधी त्याच्या सेटिंगच्या पेजवर वायफाय सिक्युरिटी बघा. तिथे नुसतं WPA3-Personal असेल तर बटण कितीही वेळा दाबा, काही होणार नाही, कारण WPA3 मध्ये डब्ल्यूपीएस चालतच नाही. माझ्याकडे हेच झालं होतं, मी अर्धा दिवस प्रिंटरलाच दोष देत बसलो. WPA2/WPA3 मिक्स्ड करा, आणि हे करावंच लागेल, कारण जुन्या प्रिंटरला WPA3 कळत नसेल तर पासवर्ड बरोबर टाकूनही तो जोडला जाणार नाही.

मग बटणाचा नाद सोडा. प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्क मेनूत वायरलेस सेटअप असतं, तिथून आपल्या वायफायचं नाव निवडून पासवर्ड टाका. बरेच प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे यादीत नाव दिसलंच नाही तर राउटरवर तो बँड चालू आहे का बघा. टाइप करताना कॅपिटल-स्मॉल नीट बघा, शून्य आणि ओ मध्ये तर हमखास गडबड होते. बटणाला फक्त दोन मिनिटं मिळतात, इथे घाई नाही.