शेवटची सही ज्याची, भरपाई त्याची?

पेठेतले_सर (सातारा): आमच्या ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबचं इश्यू रजिस्टर काढून बसलोय. 31 ओळी थकीत, 9 ठिकाणी शेरा 'खराब'. यंदापासून सरळ नियम करतोय: वस्तू बिघडलेली सापडली की रजिस्टरात शेवटचं नाव ज्याचं, त्याच्याकडून वसुली. कुणाचं काही म्हणणं?

विश्रामबागची_लॅबताई (सांगली): आहे म्हणणं. सकाळी कुकर लावून हे वाचत बसले आणि शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, भाताचा लगदा झाला. असो.

सर, या नियमानं मी स्वतः एका पोराकडून 350 रुपये घेतलेत. 7 नंबरचा मल्टिमीटर. गुरुवारच्या बॅचला झेनर डायोडचा प्रयोग होता, पोरगं म्हणालं, "मॅडम, करंट शून्यच दाखवतोय." पाहिलं तर खरंच मेलेला. रजिस्टरात त्याच्या आधी तीन नावं आणि तिन्हीपुढे 'ठीक'. म्हणजे यानंच घालवला असणार. शेरा लिहिला, पैसे घेतले, पावती फाडली.

सुट्टीत मागचं झाकण उघडलं तर आतला काचेचा फ्यूज गेलेला. पाच-दहा रुपयांची वस्तू. मग मागच्या ओळी नीट वाचल्या. सोमवारच्या बॅचला साधा डायोड होता, तेव्हा मिलिअँपिअर वापरला होता. मंगळवार-बुधवारच्या दोन्ही बॅचनी त्याच मीटरवर फक्त व्होल्टेज मोजलं. फ्यूज उडाला तरी आमच्या त्या पिवळ्या मीटरवर व्होल्ट बरोब्बर येतात, मिलिअँपिअर तेवढे मरतात. बहुतेक सोमवारी कुणीतरी नॉब करंटवर ठेवून पिना सरळ सप्लायला लावल्या असतील. दोन दिवस तो मीटर आजारी अंगानं फिरला आणि सापडला गुरुवारच्या पोराच्या हातात. त्यानं तर प्रामाणिकपणे येऊन सांगितलं, आणि मी त्यालाच दंड केला. त्यानंतर त्या वर्गातलं एकही पोर काही बिघडलंय असं सांगायला आलं नाही. गुपचूप कपाटात ठेवायचे.

म्हणून म्हणते, शेवटची सही एवढंच सांगते की बिघाड *सापडला* कुणाला.

पेठेतले_सर: ताई, भावना पोचल्या. पण माझ्याकडे बॅचला 20 पोरं, दोन तास, आणि परिचर एक, तोही अर्धा वेळ ऑफिसात. प्रत्येक मीटर उघडून फ्यूज बघत बसू का? नियम सोपा असला की पोरं जपून वापरतात. आमच्या वेळी फुटला पेला की छडी आणि पैसे दोन्ही होतं, आणि पेले फुटत नव्हते.

वाईची_पालक: माझ्या मुलीकडून बुरेटचे पैसे घेतले बारावीला. ती म्हणते मी धुऊन उलटी लावून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी मॅडमना टोकाला तडा दिसला. हा कुठला न्याय?

मिरजेचा_निवृत्त: वाईच्या ताई, तडा दिसला दुसऱ्या दिवशी म्हणजे तो दुसऱ्या दिवशी पडला असं नाही. ओल्या काचेत बारीक चीर दिसतच नाही, पाणी भरून बसतं. वाळली की दिसते. आणि बुरेटचं टोक बहुतेक वेळा धुताना नळाला आपटून जातं, टायट्रेशन करताना नाही. तेव्हा तुमच्या मुलीचं असेलही, नसेलही. पण 'परत, ठीक' अशी सही ओल्या काचेवर केली असेल तर ती चूक घेणाऱ्याची.

आता पेठेतल्या सरांना. तीस वर्षं लॅब सांभाळली म्हणून बोलतो. तुमच्या रजिस्टरात 'मल्टिमीटर, 10 नग, बॅच अ' असं लिहिलेलं असणार. असेल तर शेवटचं नाव कुणाचं, हा प्रश्नच फोल आहे. दहातला कुठला? प्रत्येक नगावर पेंटनं नंबर घाला आणि एका नगाला एक ओळ द्या. दुसरं म्हणजे शेऱ्याचा रकाना तुमच्याकडे एकच असेल, परत घेतानाचा. देतानाचाही हवा. देताना काय होतं ते लिहिलंच नसेल तर 'खराब' हा शब्द कशाच्या तुलनेत? आणि 'खराब' हा शेराच नाही मुळात. 'mA ला शून्य, व्होल्ट ठीक' हा शेरा.

विश्रामबागची_लॅबताई: हेच. आणि सर, मीटर उघडायचा नाही. मी एक पेन्सिल सेल आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर एका लाकडी पट्टीवर पक्का करून ठेवलाय. मीटर 20m वर ठेवून दोन पिना टेकवायच्या. 1.5 च्या आसपास आलं तर ठीक, 0.00 आलं तर फ्यूज गेला. जुना सेल असला तर 1.3-1.4 दाखवतो, तेही चालतं. एका मीटरला दहा सेकंद. पोरांनाच करायला लावते, परत देणाऱ्याच्या समोर. मात्र यानं फक्त फ्यूज कळतो. मीटर खोटं रीडिंग देत असेल तर ही पट्टी काही सांगणार नाही.

कराडचा_शीटवाला: अहो तुम्ही सगळे अजून वहीतच आहात. एक शीट करा, विषय संपला. F मध्ये परत आल्याची तारीख, E मध्ये मुदत:

```
=IF(AND(F2="",TODAY()>E2),TODAY()-E2,"")
```

किती दिवस थकीत ते आपोआप येतं. आमच्याकडे 200 ओळी आहेत आणि थकीत फक्त 6. वही असती तर कळलं असतं का?

मिरजेचा_निवृत्त: बाळा, त्या 200 ओळींत मुदतीची तारीख 12.08.2024 अशी टिंबं देऊन टाकलेल्या किती?

कराडचा_शीटवाला: असतील बऱ्याच. लॅबमधले काका तशीच टाकतात. का?

मिरजेचा_निवृत्त: टिंबांची तारीख शीट तारीख म्हणून घेत नाही, नुसता मजकूर समजते. आणि आकडा मजकुरापेक्षा मोठा कधीच ठरत नाही. म्हणजे त्या ओळी जन्मात थकीत दिसणार नाहीत. रकाना कोरा, तुम्ही खूश. तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या असतील तर समजा. माझ्या नातीनं दाखवलं मला हे, उगाच मोठेपणा घेत नाही.

कराडचा_शीटवाला: …तपासलं. थकीत 6 नाही, 41 निघाले. ठीक आहे, काका जिंकले. पण म्हणून वही चांगली असं सिद्ध होत नाही.

मिरजेचा_निवृत्त: कोण म्हणतंय? वहीत तर पान उलटलं की थकीत वस्तू गडप. म्हणून दर महिन्याच्या शेवटी उघड्या ओळी लाल शाईनं नव्या पानावर ओढायच्या, 'मागील पानावरून' म्हणून, दुकानाच्या खातेवहीत ओढतात तशा. जी ओळ तीनदा ओढली गेली ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

कृष्णाकाठ: आणि टेबलावर गेल्यावर काय होतं तेही सांगा की! थकीतमध्ये पोरांची नावं नसतातच हो, पोरांचा निकाल नो ड्यूजला अडवता येतो. नावं असतात सरांची. आमच्या इथं एक ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप 2014 पासून एका सरांच्या घरी होता. 2019 ला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या तळमजल्याच्या स्टोअरमध्ये गाळ. नुकसानीची यादी झाली आणि त्यात हा मायक्रोस्कोप 'पुरात नष्ट'! सरांचं घर माळावर, तिथं पाण्याचा थेंब नाही. अशी किती सामानं कृष्णामाईच्या माथी मारली ते विचारू नका.

मिरजेचा_निवृत्त: जरा तोंड सांभाळून. त्या ऑगस्टमध्ये आम्ही चार माणसं फावड्यानं गाळ काढत होतो. मापन सिलिंडरात चिखल दगडासारखा बसलेला. रजिस्टरं शाईची, पानं निळी होऊन एकमेकांना चिकटली, वर्तमानपत्रं घालून घालून दोरीवर वाळवली. सरसकट सगळ्यांना चोर म्हणता?

कृष्णाकाठ: सरसकट कुठं म्हटलं? एका मायक्रोस्कोपचं बोललो. तुम्हालाच का लागलं?

मिरजेचा_निवृत्त: लागलं कारण निवृत्तीला माझी फाईल अडवली होती, 14 वस्तू सापडत नाहीत म्हणून. त्यातल्या 11 फुटून गेलेल्या होत्या. शेरे होते, पण निर्लेखन, म्हणजे ठराव करून वस्तू नोंदीतून काढणं, झालंच नव्हतं आणि तुकडे कुणीतरी झाडून टाकले होते. तेव्हापासून सांगतो, निर्लेखनाच्या ठरावावर सही होईपर्यंत फुटकी काचसुद्धा नंबराची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. रजिस्टरात 'फुटली' आणि डेडस्टॉकच्या वहीत 'शिल्लक' असं असलं की मधला माणूस मरतो. तो मी होतो.

विश्रामबागची_लॅबताई: दोघंही थांबा. कृष्णाकाठ दादांच्या मायक्रोस्कोपचं उत्तर रजिस्टरातच होतं की. इश्यूची ओळ उघडी, परत आल्याची तारीख कोरी, म्हणजे पूर आला त्या दिवशी ती वस्तू कपाटात नव्हतीच. नुकसानीच्या यादीसमोर उघड्या ओळी ठेवायच्या, दोन्हीकडे असलेला नंबर पुरात गेलेला असू शकत नाही.

मिरजेचा_निवृत्त: असू शकतो. वस्तू परत आली आणि ओळ बंद करायची राहिली, हे रोज होतं. पण निदान विचारायला जागा मिळते, एवढं मान्य. कृष्णाकाठांचंही मान्य करतो, त्यांना आनंद होत असेल तर.

कृष्णाकाठ: झाला हो आनंद. मायक्रोस्कोप अजून माळावरच आहे.

पेठेतले_सर: माझा धागा पुरात वाहून गेला तो गेलाच. बरं, नंबर घालतो, देतानाचा रकाना घालतो, ती सेलची पट्टीही करून बघतो. पण काचसामानाला शेवटचं नाव हाच नियम राहणार, तिथं फ्यूजबिज नसतो. आणि त्या 31 थकीतांतली 12 नावं स्टाफची आहेत, एक माझं. स्टॉपवॉच. शोधतोय.

कराडचा_शीटवाला: ताई, त्या पोराचे 350 परत दिले का पण?

विश्रामबागची_लॅबताई: पावती फाडली की पैसे लॅबचे राहत नाहीत, ऑफिसला गेले. ऑफिस म्हणालं, परताव्याचं हेडच नाही. खिशातून द्यायला काढले तोवर पोरगं पास होऊन पुण्याला गेलेलं. रजिस्टरात ती ओळ मी बंद केलेली नाही. दर महिन्याला लाल शाईनं पुढं ओढते.

वाईची_पालक: आणि माझ्या बुरेटचे?