एका कमेंटमध्ये दोन तक्रारी असतील तर मोजायच्या कशा?

मळ्यातला_पुतण्या
मखमलाबाद रस्त्याला काकांचं मिसळीचं हॉटेल आहे. दोन महिन्यांत टेबलावरची कार्डं आणि गूगलवरचे रिव्ह्यू मिळून 186 कमेंट जमल्या. काकांना एका पानाचा तक्ता हवाय: विषय, किती जणांनी म्हटलं, आणि गिऱ्हाइकाच्याच शब्दांत एखादं वाक्य. मी प्रत्येक कमेंट एकाच विषयात टाकली. चव 71, थांबावं लागणं 38, सेवा 29, पार्किंग 17, स्वच्छता 9, इतर 22. काका म्हणतात, पार्किंगची बोंब रोज ऐकतो, मग 17च कशी? एका कमेंटला एकच विषय द्यावा की जास्त? आणि वाक्य कुठलं उचलायचं?

कॉलेजरोडचा_एक्सेल
हाताने कशाला करत बसलास भाऊ? कमेंट एका कॉलममध्ये टाक आणि शब्द मोज. दोन मिनिटांचं काम.

```
=COUNTIF(C2:C187,"*पार्किंग*")
```

विषय बदलला की शब्द बदल. एका कमेंटमध्ये दोन शब्द असतील तर ती दोन्हीकडे मोजली जाईल, म्हणजे तुझा प्रश्नही सुटला.

पंचवटीचे_नाना
बरेचसे रिव्ह्यू शेजारचे हॉटेलवालेच टाकतात. आधी ते गूगलला रिपोर्ट करा, आपोआप कमी होतील. आणि वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना वाद घालू नये, ‘पुन्हा या’ म्हणावं.

मळ्यातला_पुतण्या
नाना, उत्तरं काका देतात, छान देतात. मला तक्ता करायचाय.
फॉर्म्युला लावून पाहिला. पार्किंग 21 आलं.

सर्व्हेवाली_ताई
ते 21 आले कसे, ते बघ. गिऱ्हाईक ‘पार्किंग’ म्हणेलच असं नाही. ‘गाडी लावायला जागा नाही’, ‘फोरव्हीलर रस्त्यावर ठेवली’ असं लिहितो. कुणी इंग्रजी अक्षरांत लिहितो, कुणी ‘पार्कींग’ असं दीर्घ. हे सगळे सुटले. उलट कुणी ‘पार्किंगची सोय चांगली आहे’ लिहिलं असेल, तर तो तक्रारीत मोजला गेला. शब्दशोध चुकून काही राहिलं का हे शेवटी तपासायला चांगला, मोजणीसाठी नाही. 186 कमेंट म्हणजे एका दुपारचं वाचन आहे, वाचूनच टाक.

आता मुख्य प्रश्न. एका कमेंटला जितके मुद्दे तितके विषय द्यायचे. बाजार सर्वेक्षणात मोकळ्या उत्तरांचं कोडिंग आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. तुझे 17 कमी का आले? पार्किंगची तक्रार वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात येते. ‘मिसळ एक नंबर, पण गाडी लावायला अर्धा तास.’ तू ती चवीत टाकलीस, कारण सुरुवात चवीने आहे. एकच विषय द्यायची सक्ती केली की ‘पण’नंतरचं सगळं बुडतं, आणि आपल्याकडे माणूस आधी कौतुक करून मगच तक्रार करतो.

आडगावकर
ताईंशी सहमत नाही. जास्त विषय दिले की जाता जाता टाकलेला शब्दही खऱ्या तक्रारीच्या बरोबरीने मोजला जातो. ‘पार्किंग थोडं लांब आहे, पण वर्थ इट’ हीसुद्धा एक आणि ‘पार्किंगवरून भांडण झालं, परत येणार नाही’ हीसुद्धा एक? मालकाने पैसे कुठे घालायचे ते ठरवायचं असेल, तर माणसाचा मुख्य मुद्दा कुठला ते तुम्हालाच ठरवावं लागेल. एक कमेंट, एक विषय. बेरीज 186 येते, मालकालाही समजतं. नाहीतर बेरीज अडीचशेच्या वर जाईल आणि काका विचारतील, ‘गिऱ्हाइकं वाढली कुठून?’

सर्व्हेवाली_ताई
बेरीज वाढू दे, तक्त्याखाली एक ओळ लिही: ‘एका कमेंटमध्ये एकापेक्षा जास्त मुद्दे असू शकतात.’ टक्केवारी काढताना भागाकार कमेंटच्या संख्येने कर, मुद्द्यांच्या बेरजेने नको. तिथेच बहुतेक तक्ते गंडतात.

मुख्य मुद्द्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यासाठी बाकीचे मुद्दे फेकायला नकोत. वेगळा कॉलम ठेव, त्यात ‘मुख्य’ अशी खूण कर.

मांडणी अशी ठेव: प्रत्येक मुद्द्याला वेगळी ओळ. पहिल्या कॉलममध्ये कमेंटचा नंबर, दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात मूळ वाक्य, चौथ्यात ‘मुख्य’ची खूण. मग गूगल शीटमध्ये पिव्होट लाव आणि नंबरच्या कॉलमवर `COUNTUNIQUE` निवड. एकाने एकाच कमेंटमध्ये पार्किंगवर तीनदा चिडून लिहिलं, तरी तो एकच माणूस मोजला जाईल.

सातपूर_गॅरेज
आमच्या वर्कशॉपमध्ये तक्रारींचं रजिस्टर आहे. वर्षभर ‘डिलिव्हरीला उशीर’ हाच विषय वर. साहेबांनी दोन माणसं वाढवली, आकडा हलला नाही. मग कुणीतरी नोंदी पुन्हा वाचल्या. निम्म्या नोंदी सुटे भाग वेळेवर न आल्याच्या होत्या, निम्म्या गाडी धुऊन तयार असूनही फोन न केल्याच्या. माणसं वाढवून दोन्ही सुटणार नव्हत्या. मिसळीशी याचा संबंध आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

सर्व्हेवाली_ताई
संबंध थेट आहे भाऊ. पुतण्या, तुझा ‘सेवा 29’ बघ. ‘सेवा’ वाचून काका उद्या सकाळी काय करणार? काहीच कळत नाही. विषयाचं नाव असं हवं की काय दुरुस्त करायचं ते त्यातच दिसावं. ‘चव 71’ त्याहून वाईट. त्यात तारीफ आणि तक्रार एकत्र आहेत. ‘फार तिखट’ आणि ‘तिखटच नाही’ एका खान्यात गेले, तर दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं.

आणि एक कर. कुठल्याही 30 कमेंट घे, घरातल्या दुसऱ्या कुणाला दे आणि एकमेकांचं न बघता दोघांनी विषय द्या. जिथे जुळणार नाही, तिथे चूक माणसाची नसते, विषयाची व्याख्या ढिली असते.

मळ्यातला_पुतण्या
बहिणीला बसवलं. 30 पैकी 8 ठिकाणी जुळलं नाही, त्यातली 6 ‘सेवा’ आणि ‘थांबावं लागणं’ यांच्यात. ‘पाव मागवला तर पंधरा मिनिटांनी आला’ हे मी सेवेत टाकलं होतं, तिने थांबण्यात. म्हणून ‘सेवा’ काढलं आणि दोन विषय केले: टेबल मिळेपर्यंत थांबणं, आणि बसल्यावर पाव-रस्सा उशिरा येणं. मग पहिल्यापासून सगळ्या पुन्हा वाचल्या. 6 कमेंट कार्डावर आणि गूगलवर त्याच दिवशी, त्याच शब्दांत होत्या, त्या एकेकदाच धरल्या. 180 उरल्या.

| विषय | 180 पैकी | गिऱ्हाइकाच्या शब्दांत |
|---|---|---|
| चवीची तारीफ | 79 | ‘काळ्या रश्शाला तोड नाही’ |
| टेबलासाठी थांबणं | 52 | ‘टोकन घेऊन पाऊण तास उभे, नंबर कुणी पुकारतच नाही’ |
| पार्किंग | 43 | ? |
| पाव-रस्सा उशिरा | 31 | ‘दुसरा पाव येईपर्यंत रस्सा गार’ |
| कर्मचारी चांगले | 18 | ‘पोरं हसून वाढतात’ |
| फार तिखट | 16 | ‘लहान मुलांना खाता येत नाही’ |
| हात धुण्याची जागा, टॉयलेट | 13 | ‘बेसिनपाशी सगळं ओलं’ |
| तिखट नाही, रस्सा पातळ | 12 | ‘पूर्वीचा झणका राहिला नाही’ |
| इतर | 11 | |

पार्किंग 17चं 43 झालं, म्हणजे 24 टक्के. तिथलं वाक्य ठरेना. एकाने लिहिलंय, ‘पार्किंगवाल्याला आधी माणूस बनवा मग मिसळ बनवा.’ घरात सगळे हसले. काकांना तेच हवंय.

कॉलेजरोडचा_एक्सेल
तेच टाक की राव! वाचणारा लक्षात ठेवेल.

सर्व्हेवाली_ताई
लक्षात राहील म्हणूनच टाकू नकोस. ते वाचून काका पार्किंगवरच्या पोराला झापतील. 43 एकापाठोपाठ एक वाच आणि बघ, बहुतेक जण नेमकं कशाबद्दल बोलतात: जागेबद्दल, वेळेबद्दल, की त्या पोराबद्दल?

मळ्यातला_पुतण्या
मोजले. 29 जण म्हणतात रविवारी सकाळी फोरव्हीलरला जागा नाही. 9 जण म्हणतात आत शिरायचा रस्ता चिखलाचा आहे. पोराबद्दल 5.

सर्व्हेवाली_ताई
मग वाक्य त्या 29मधून घे. त्यातलंही सगळ्यात चिडकं नको आणि सगळ्यात गोडही नको. जागा आणि वेळ दोन्ही ज्यात आहे असं एखादं साधं. शब्द बदलू नकोस, अशुद्ध असलं तरी राहू दे. मधलं गाळलंस तर तीन टिंबं दे. नाव, गाडीचा नंबर काढून टाक. चिखलाचं दुसरं वाक्य त्याखाली द्यायला हरकत नाही, कारण खडी टाकणं हे वेगळं काम आहे.

आणि बेसिनच्या 13 पुन्हा वाच. कुणी घसरलं, पडलं असं कुठे आहे का?

मळ्यातला_पुतण्या
दोन आहेत. एकीत आजी पडल्या म्हणून लिहिलंय.

सर्व्हेवाली_ताई
त्या दोन तक्त्याखाली वेगळ्या लिही, ‘तातडीचं’ म्हणून. मोजणीत त्या कायम तळाला राहणार, आणि काका वरून खाली वाचत निम्म्यात थांबतील. खरं तर तक्त्याची वाट न बघता आजच सांग.

आडगावकर
एवढं सगळं झालं, तरी माझा मूळ आक्षेप कायम आहे, आणि आता दुसराही आहे. 24 टक्के म्हणजे कशाचे? दोन महिन्यांत तुमच्याकडे काही हजार माणसं जेवून गेली असतील, लिहिलं 180 जणांनी. जो रविवारी गाडी लावता येईना म्हणून परत गेला, त्याच्या हातात कार्ड आलंच नाही. त्याने गूगलवर लिहिलं असेल तरच तो दिसतो. म्हणजे हा आकडा कमी असू शकतो. उलट चिडलेला माणूस जास्त लिहितो, म्हणून जास्तही असू शकतो. अशा आकड्याला टक्के लावून त्याला शास्त्र बनवू नका.

सर्व्हेवाली_ताई
हे मान्य. टक्के काढून टाक, ‘180 पैकी 43’ एवढंच ठेव. ‘24 टक्के गिऱ्हाइकं’ असं तर कुठेच लिहू नकोस. कार्डं आणि गूगल वेगळे कॉलम करून बघ. पार्किंग गूगलवरच जास्त निघालं, तर आडगावकरांचा संशय बरोबर ठरेल.

मळ्यातला_पुतण्या
43 पैकी 31 गूगलवरचे, 12 कार्डावरचे.

आडगावकर
बघा.

सर्व्हेवाली_ताई
थांबा, एकूण कमेंटपैकी गूगलच्या किती आहेत? तेच 180 पैकी 130 असतील, तर 31 मध्ये विशेष काही नाही.

मळ्यातला_पुतण्या
गूगल 74, कार्डं 106.

सर्व्हेवाली_ताई
मग फरक खरा आहे. दोन्ही कॉलम तक्त्यात ठेव, एकत्र बेरीज शेवटी. आणि आडगावकर, तुमचा एक-विषयाचा नियम लावला असता तर हा फरक दिसलाच नसता, 17 मध्ये काय वाटणार?

आडगावकर
मुख्य मुद्द्याच्या खुणा मोजल्यात का पण? त्या 43 मध्ये ‘मुख्य’ किती?

मळ्यातला_पुतण्या
त्या खुणा अजून केल्याच नाहीत. 180 पुन्हा वाचायच्या?

पंचवटीचे_नाना
आणि रविवारी आमच्यासारख्यांनी रिक्षाने यावं, की तेही कार्डावर लिहायचं?