आधीचंच माप घे

> चौथा लागलाय. एरवी एम घालते. मॅटर्निटी कुर्ते एक्सएल घेऊन ठेवू का?

नको गं, एमच घे. मॅटर्निटी कुर्ता बहुधा आधीच्या मापावरच बेतलेला असतो, पोटाचा घेर त्यात सोडलेला असतो. मी हौसेने एक्सएल आणला, तर खांदे दंडावर उतरले आणि गळा सारखा सावरावा लागला! साधा मोठा कुर्ता घेतलास तरी तेच, शिवाय आठव्या महिन्यात तो पुढून वर उचलला जातो. छातीचं माप मात्र आत्ता टेप लावून बघ. तिथे ताणत असेल तरच एल. सध्या नाडीची सलवार चालेल. पोटावर येणाऱ्या रुंद पट्ट्याची लेगिंग सहाव्यात घे. बसल्यावर पट्ट्याचा वळ उठला तर ती घट्ट आहे.