तळपायावरचा डागही बघा

"आपली स्किन सावळी, उन्हाने कॅन्सर गोऱ्यांना होतो, मग तीळ कशाला तपासायचे?"

उन्हाचं बरोबर आहे, उन्हातल्या यूव्ही किरणांनी पेशींचा डीएनए बिघडतो आणि स्किनला सावळा रंग देणारं मेलॅनिन त्यापासून बरंच वाचवतं. पण सावळ्या लोकांत मेलानोमा हा स्किनचा घातक कॅन्सर बऱ्याचदा तळव्यावर नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं लागतच नाही! रेगे गायक बॉब मार्लीला 1977 मध्ये पायाच्या नखाखाली निघाला, 1981 मध्ये तो गेला. म्हणून तीळ-डाग तपासायच्या एबीसीडीई या पाच खुणांमध्ये दोन बाजू सारख्या नसणं, वेडीवाकडी कड, दोन-तीन रंग, 6 मिमीपेक्षा मोठा आकार हे बघाच, पण ई म्हणजे बदल सगळ्यात आधी.

मार लागून काळं झालेलं नख वाढेल तसं तो डाग पुढे सरकतो, पण नखातली काळी रेघ मुळापासून तशीच राहून रुंदावत असेल, शेजारच्या कातडीवर उतरत असेल, तर 6 मिमीची वाट न बघता स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.