मदत हवी आहे: मोठा नकाशा ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापतेय, जोड जुळतच नाहीत

चांदणवेल
मुलीच्या खोलीत भिंतीवर आकाशाचा नकाशा लावायचा आहे, १२० बाय ८० सेंमीचा. गडद निळ्यावर नक्षत्रांच्या बारीक पांढऱ्या रेघा. १८ कागद छापले, फरशीवर मांडले, आणि एकही रेघ सरळ पुढे जात नाही. उजवीकडच्या शेवटच्या रांगेतले तुकडे बाकीच्यांपेक्षा उंच आलेत. कोपऱ्यातला तर अवाढव्य. शाई निम्मी संपली. शनिवारी वाढदिवस आहे. काय चुकतंय?

जुना_खिळा
चित्र किती पिक्सेलचं आहे? तुकडे कशात कापले? छापताना आकाराचा कोणता पर्याय निवडला होता? उंच म्हणजे किती, पट्टीने मोजून सांगा.

निळीशाई
३०० डीपीआय असल्याशिवाय छापूच नका. आधी चित्र मोठं करून घ्या, मग बाकीचं. माझ्या प्रिंटरला ४८०० डीपीआय आहे, तिथे १०० वगैरेचं चित्र कसं चालेल?

मोकळीवाट
एवढा खटाटोप कशाला? मोठ्या प्रिंटरवर एकसंध छापून मिळतं, सुरकुती नाही की जोड नाही.

चांदणवेल
@मोकळीवाट, घरीच करायचं आहे, लेकीला चिकटवायला बसायचंय माझ्यासोबत. @जुना_खिळा, ६००० बाय ४०००. एका चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये बरोबर ए-फोरचे तुकडे केले, २१ बाय २९.७. डावीकडून सुरुवात केली, शेवटी उरेल ते उरलं. पर्याय जो आपोआप येतो तोच ठेवला, `Fit`. छापलेला भाग मोजला: मधले २८.३ सेंमी उंच, उजवीकडचे २८.७.

जुना_खिळा
मग उत्तर तुमच्या पट्टीतच आहे. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. तुमचा चारी बाजूंनी साधारण ५ मिमी सोडत असावा, म्हणजे छापण्याजोगी जागा २०० बाय २८७ मिमी. `Fit` प्रत्येक तुकडा त्या जागेत बसवतं, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा. पूर्ण तुकडा २१० रुंद, त्याला २०० मध्ये कोंबायचं म्हणून तो सुमारे ९५ टक्के झाला आणि उंची २८.३ वर आली. उजवीकडचा उरलेला तुकडा १५ सेंमीच रुंद, त्याला रुंदीची अडचण नाही, तो फक्त उंचीमुळे आक्रसला, म्हणून २८.७. आणि कोपऱ्यातला दोन्ही बाजूंनी लहान, त्याला `Fit` ने ओढून मोठा केला. तो २० सेंमी रुंद आला असेल, १५ च्या जागी.

चांदणवेल
हो! बरोबर २० आहे. मग `Actual size` ठेवून तेच तुकडे पुन्हा छापू?

जुना_खिळा
नको! तेव्हा आकार बरोबर येईल, पण प्रत्येक तुकड्याची कडेची ५ मिमी छापलीच जाणार नाहीत. दोन कागद जोडले की मधलं सेंटीमीटरभर आकाश गायब, आणि तिरपी रेघ जोडावर पायरी मारेल. तुकडे नव्याने करावे लागतील, छापण्याजोग्या जागेएवढे, आणि शेजारच्याशी १० मिमी सामाईक ठेवून.

सुईदोरा
मी कपड्यांचे पॅटर्न घरी छापते, तिथे हेच दुखणं. पहिल्या पानावर १० सेंमीचा चौकोन असतोच. तो छापून मोजायचा, ९.७ आला की थांबायचं. नाहीतर बाही खांद्याला बसत नाही. मी एकदा अख्खा कुर्ता असाच घालवला. शिवाय डिंक लावू नका, कागद फुगतो. मी चिकटपट्टी मागून लावते.

निळीशाई
पण रिझोल्यूशनचं कोणी बोलतच नाहीये.

जुना_खिळा
बोलतो. प्रिंटरचे ४८०० म्हणजे शाईचे ठिपके. एक रंगछटा उठवायला त्यातले कितीतरी ठिपके लागतात, त्यांचा चित्राच्या पिक्सेलशी थेट संबंध नाही. चित्राचा हिशोब वेगळा: १२० सेंमी म्हणजे ४७ इंच, ६००० भागिले ४७, साधारण १२७ पिक्सेल दर इंचाला. भिंतीवरचं चित्र मीटरभरावरून बघतात, तेवढ्याला हे चांगलं चालतं. चित्र ताणून ३०० केलं तर फक्त आकडा वाढतो, तपशील कुठून येणार?

निळीशाई
रेघांना चालेल. नक्षत्रांची नावं बारीक अक्षरांत असतील तर जवळून धूसर दिसतील. हे मान्य करा.

जुना_खिळा
ते मान्य. चांदणवेल, नकाशा पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये मिळतो का बघा. त्यात अक्षरं रेघांच्याच रूपात असतील तर कितीही मोठी केली तरी धारदार राहतात.

चांदणवेल
पीएनजीच आहे. नावं बारीक आहेत, पण राहू देत. आता नेमकं काय करू ते सांगा, हात जोडते.

जुना_खिळा
PosteRazor नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात चित्र उघडा, कागद ए-फोर उभा, प्रिंटरची सोडायची कड भरा, ओव्हरलॅप १० मिमी. पहिला कागद २०० मिमी झाकतो, पुढचा प्रत्येक १९०. सहा कागदांत ११५ सेंमी होतात. तुम्हाला १२० हवेत, त्याला सात रांगा लागतील, म्हणजे २१ कागद. ११४.५ वर समाधान मानलंत तर १८ मध्ये भागतं, उंची ७६.३ येईल. अगदी ११५ लिहू नका, थोडं सांडलं की सातवी रांग सुरू होते. निघालेली पीडीएफ `Actual size` वरच छापा.

आणि कड अंदाजाने भरू नका. कागदभर रंग भरून एक पान छापा आणि पांढरी पट्टी मोजा. काही प्रिंटर खालच्या बाजूला जास्त सोडतात.

चांदणवेल
मोजलं. चारी बाजूंना ५ च आहे!

जुना_खिळा
मग चारी कडा ५ भरा. उंचीला २८७ अधिक दोनदा २७७ मिळतात, म्हणजे ८४ सेंमीच्या वर. तीन रांगांत आरामात बसतं. आधी शेजारचे दोनच कागद छापून जोडा, मग पुढचे.

सुईदोरा
कापताना प्रत्येक कागदाची डावी आणि वरची कड कापायची, उजवी आणि खालची राहू द्यायची. कापलेली कड शेजारच्यावर चढते. सगळ्यांची तीच बाजू कापा, नाहीतर मध्येच दोन पांढऱ्या पट्ट्या समोरासमोर येतात.

मोकळीवाट
गडद निळ्यावर कापलेल्या कडेचा पांढरा कागद दिसणार, मी तेच म्हणत होतो.

सुईदोरा
दिसतो खरा. कापल्यावर कडेवरून निळं मार्कर फिरवा, आडवं धरून, वरच्या बाजूला लागू न देता.

चांदणवेल
दोन कागद छापले. जोडावरची रेघ सरळ पुढे गेली!! पण ओले असताना जोडले तेव्हा एक कागद अर्धा मिमी लांब वाटत होता, आणि पृष्ठभाग लाटांसारखा झाला आहे.

जुना_खिळा
पानभर गडद रंग म्हणजे भरपूर शाई, साधा कागद ती पिऊन फुगतो. रात्रभर वाळू द्या, मगच कापा. जमलं तर जरा जाड कागद घ्या.

निळीशाई
मी तर म्हणेन प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार साधाच निवडा, शाई कमी सोडेल.

जुना_खिळा
त्याने निळा फिका पडतो. मला स्वतःला पटत नाही, पण एक पान करून बघा आणि खिडकीपाशी दोन्ही शेजारी ठेवा. एक मात्र नक्की: जे निवडाल ते १८ ही पानांना तेच ठेवा, आणि शाई मध्येच संपू देऊ नका, नाहीतर निळ्याच्या दोन छटा जोडावर दिसतील.

चांदणवेल
शाई भरून घेतली. आता १७ उरलेत. लेक जाड कागदावरचं पान बघून म्हणते हेच हवं.