तिन्ही बाजू मोजल्या, तरी त्रिकोणी जागेचं क्षेत्रफळ निघेना – मदत हवी आहे

फुलेवाडीकर: घरामागच्या तिकोनी जागेत पेव्हर ब्लॉक घालायचेत. ठेकेदार उद्या सकाळी येतोय, चौरस फूट सांगा म्हणतो. अर्धपरिमितीचं सूत्र लावलं तर कॅल्क्युलेटर एरर दाखवतोय. लवकर सांगा कुणीतरी.

रंकाळा_काठ: बाजू किती, ते कोण सांगणार?

फुलेवाडीकर: २५, ३९ आणि ६५ फूट. भावानं मोजून कागदावर लिहून दिलंय.

गंगावेस: एवढं डोकं कशाला लावताय? पाया गुणिले उंची भागिले दोन. २५ × ३९ ÷ २ = ४८७.५. पाचशे धरा की.

गणिताच्या_बाई: गंगावेस, तुमचं सूत्र खरं आहे, पण ३९ ही उंची कधी? २५ च्या बाजूशी काटकोन असेल तेव्हाच. गुण्या लावून बघितलाय का कुणी?
फुलेवाडीकर, २५ आणि ३९ मिळून ६४ होतात. म्हणजे त्या दोन भिंती एका रेषेत ठेवल्या तरी ६५ फुटांना एक फूट कमी पडतो. असा त्रिकोण बंदच होत नाही. अर्धपरिमिती ६४.५, त्यातून ६५ वजा केले की −०.५, आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या आली की एरर येणारच. लांब बाजू पुन्हा मोजा, टेप ताणून धरा.

सादळे_मादळे: बाई, माझं रान चार बाजूंचं आहे. चारी बांध मोजलेत. गुंठे किती भरतील?

फुलेवाडीकर: आत्ताच मोजून आलो. ५६ आहे! कागदावर आकडे उलटे पडले होते.

गणिताच्या_बाई: आता बघा. बेरीज १२०, अर्धपरिमिती ६०. त्यातून एकेक बाजू वजा करा: ३५, २१, ४.
√(६० × ३५ × २१ × ४) = √१७६४०० = ४२० चौ. फूट.
ताळा जागेवरच करा. समोरच्या कोपऱ्यातून ५६ च्या भिंतीवर काटकोनात टेप धरा, १५ फूट भरायला हवं, कारण ५६ × १५ ÷ २ = ४२०. हा त्रिकोण चपटा आहे, म्हणून लांब बाजू जपून मोजा. ५६ च्या जागी ५७ धरलंत तर उत्तर ४०२ वर येतं. बाजू फूटभर वाढली आणि जागा १८ चौ. फुटांनी घटली!
सादळे_मादळे, चार बाजूंवरून जागा ठरत नाही, चौकोन दाबला की बाजू त्याच राहून क्षेत्रफळ बदलतं. एक कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा, बेरजेला १०८९ नं भागा.

गंगावेस: तरी माल पाचशेचाच मागवा. तिरक्या कडेला ब्लॉक कापताना लई वाया जातात.

रंकाळा_काठ: माल किती मागवायचा तो वेगळा हिशोब. ठेकेदाराला मजुरी ४२० चीच द्या.

सादळे_मादळे: कर्णाच्या मधे विहीर आहे. मग कसं मोजू?